सेक्युलरायझेशन थिसीसवर २० मार्कांचं उत्तर: आधी बघा कोण नक्की कशावर हल्ला करतंय

धर्माच्या समाजशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. शब्द बदलतात पण गाभा तोच, "आधुनिकीकरणाबरोबर धर्माचं सामाजिक महत्त्व कमी होत जातं, चिकित्सक चर्चा करा". आणि बहुतेक जण काय करतात, तर वेबर, विल्सन, बर्गर, स्टार्क, डेव्ही, कॅसानोव्हा अशी नावांची आगगाडी सोडतात, प्रत्येकाला चार ओळी, शेवटी "अशा प्रकारे दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे". मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, २० पैकी ९ मिळाले आणि मार्जिनमध्ये सरांनी एवढंच लिहिलं होतं की "हा नक्की कोणाशी भांडतोय?" नंतर कळलं की सगळी गोम तिथेच आहे. थिसीस म्हणजे एक दावा नाहीये, तीन दावे एकत्र बांधलेले आहेत, आणि प्रत्येक टीकाकार त्यातल्या वेगळ्या दाव्यावर चालून जातो. हे एकदा डोक्यात बसलं की उत्तर आपोआप रचलं जातं.

पायरी १: शब्द आधी सोडवून घ्या

सेक्युलरिझम आणि सेक्युलरायझेशन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धर्मनिरपेक्षता म्हणजे राज्याने कसं वागावं याबद्दलची भूमिका, आणि सेक्युलरायझेशन म्हणजे समाजात घडते असं मानली जाणारी एक प्रक्रिया, मग ती कोणाला आवडो न आवडो. मराठीत कोणी लौकिकीकरण म्हणतं, कोणी इहवादीकरण, कोणी धर्मनिरपेक्षीकरण, तुमच्या कोर्सच्या नोट्समध्ये जो असेल तो एक धरा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. राज्यघटना आणि सरकारी धोरण यावर एक पान लिहून आलेले लोक मी पाहिलेत, त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं असतं.

मग ब्रायन विल्सनची व्याख्या, १९६६ ची. त्याचं म्हणणं असं की धार्मिक विचार, धार्मिक आचरण आणि धार्मिक संस्था यांचं सामाजिक महत्त्व कमी होण्याची प्रक्रिया म्हणजे सेक्युलरायझेशन. इथे "सामाजिक" हा शब्द अधोरेखित करा, खरंच पेनाने करा. विल्सन असं म्हणत नाही की लोक नास्तिक होतील. एखाद्या हॉस्पिटलमधले सगळे डॉक्टर वैयक्तिक आयुष्यात अगदी श्रद्धाळू असू शकतात, पण कोणतं औषध द्यायचं हे ते प्रार्थनेवरून ठरवत नाहीत आणि हॉस्पिटलचा कारभारही धर्मपीठ चालवत नाही, एवढंच त्याच्या दाव्याला पुरतं. त्यामुळे "पण अजूनही खूप लोक देव मानतात की" हा आक्षेप विल्सनला सरळ लागतच नाही, आणि एक्झामिनरला हे तुम्हाला समजलंय की नाही हे पहिल्या पॅराग्राफातच दिसतं.

पायरी २: तीन खाने पाडा

होसे कॅसानोव्हाने १९९४ साली हे काम आपल्यासाठी करून ठेवलंय. तो म्हणतो थिसीसच्या पोटात तीन वेगळे दावे आहेत. एक, विभेदीकरण, म्हणजे राज्य, अर्थव्यवस्था, विज्ञान, शिक्षण, कायदा ही क्षेत्रं धर्माच्या हाताखालून सुटी होतात. दोन, ऱ्हास, म्हणजे श्रद्धा आणि आचरण दोन्ही कमी होतात. तीन, खाजगीकरण, म्हणजे धर्म उरला तरी घरापुरता उरतो, सार्वजनिक आयुष्यात त्याचा आवाज राहत नाही. (खाजगीकरण म्हटलं की सरकारी कंपन्या विकणं आठवतं, म्हणून उत्तरात "धर्माचं खाजगीकरण" असं पूर्ण लिहा.)

कच्च्या पानावर हे तीन खाने काढा आणि आठवेल तो प्रत्येक विचारवंत कुठल्यातरी खान्यात टाका. कुठेच बसत नसेल तर तो या उत्तरात नको, कितीही मोठं नाव असलं तरी.

पायरी ३: "का" ते लिहा, नुसतं "कमी झालं" नको

थिसीसची कारणं बरीच आहेत पण वेळ दोन कारणांपुरताच असतो. पहिलं विभेदीकरण स्वतःच. जन्माची नोंद, शाळा, गरिबांना मदत, आजाऱ्याची सेवा हे सगळं एकेकाळी चर्च करायचं, ते काम राज्याकडे आणि व्यावसायिकांकडे गेलं की माणसाला चर्चची रोजची गरजच कमी उरते. दुसरं कारण पीटर बर्गरचं, १९६७ चं. सगळ्यांचा धर्म एकच असतो तेव्हा तो डोक्यावरच्या छतासारखा असतो, कोणी त्याच्याकडे मान वर करून बघतही नाही, तो असतोच. शेजारी दुसऱ्या धर्माचा, समोरचा तिसऱ्या पंथाचा आणि तिघंही बऱ्यापैकी सरळ माणसं आहेत असं झालं की आपला धर्म ही एक निवड होऊन बसते, आणि जी निवडली ती बदलताही येते, सोडताही येते. म्हणजे बर्गरच्या मते विविधता श्रद्धेला पोखरते. हे वाक्य लक्षात ठेवा, पायरी ५ मध्ये यावरच सगळी मारामारी आहे.

वेबर एका वाक्यात येऊ द्या, जगातली जादू ओसरणं, विवेकीकरण वगैरे. त्याच्यावर पान घालवू नका.

पायरी ४: पुरावा, आणि पुराव्याची खोड

केस एकच घ्या, इंग्लंडची, कारण आकडे आहेत आणि टीकाकारही त्याच आकड्यांवर भांडतात.

३० मार्च १८५१, रविवार. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक प्रार्थनास्थळातली हजेरी मोजली गेली. लोकसंख्या सुमारे १ कोटी ७९ लाख आणि मोजलेल्या हजेऱ्या सुमारे १ कोटी ९ लाख. इथे घाईत लोक "६१ टक्के लोक चर्चला जायचे" असं लिहून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. मोजल्या होत्या हजेऱ्या, माणसं नाहीत. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळीही गेला की दोनदा मोजला जायचा, त्यामुळे माणसांचा आकडा त्याहून बराच खाली येतो, साधारण ४० टक्क्यांपासून पुढे असे अंदाज दिले जातात. तरी २००५ च्या इंग्लंडमधल्या चर्च गणनेत एका रविवारी हजर असलेले लोक ६.३ टक्के निघाले. वरचा आकडा वेल्स धरून आहे, खालचा फक्त इंग्लंडचा, पण ४० आणि ६ मधली दरी तेवढ्याने बुजत नाही.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे २००१ साली सुमारे ७२ टक्के, २०११ साली ५९, २०२१ साली ४६. "धर्म नाही" असं लिहिणारे त्याच काळात १५, २५, ३७. म्हणजे एकीकडे चर्चमध्ये शंभरातले सहासात जण आणि दुसरीकडे अर्धा देश अजून ख्रिश्चन म्हणवतोय. या मधल्या लोकांचं काय करायचं हाच पुढचा वाद.

ग्रेस डेव्हीने १९९४ साली यावर म्हटलं की हे लोक मानतात पण सामील होत नाहीत. युनियन असो, पक्ष असो, क्लब असो, सगळीकडेच सदस्यत्व आटलंय, चर्चचंही आटलं, त्यावरून श्रद्धा गेली असं कसं म्हणता? पुढे तिने आणखी एक कल्पना मांडली, थोडे लोक बाकीच्यांच्या वतीने धर्म पाळतात आणि बाकीच्यांना ते हवंही असतं, म्हणजे रोज जात नसले तरी मोठी दुर्घटना झाली की चर्च उघडं असावं असं त्यांना वाटतं. उत्तरात हे लिहून बहुतेक जण थांबतात. थांबू नका, कारण याला उत्तर मिळालंय. व्होआस आणि क्रॉकेट यांनी २००५ मध्ये ब्रिटनच्या सर्वेक्षणांचा डेटा पिढीनुसार लावून पाहिला तर श्रद्धाही जवळपास हजेरीच्याच वेगाने घसरताना दिसली. आणि घसरण कशी होते तेही दिसलं, माणूस वयानुसार धर्म सोडतो असं फारसं नाही, पुढची पिढी मुळातच कमी धार्मिक निघते. आई-बाबा दोघंही धार्मिक असतील तर मूल धार्मिक निघण्याची शक्यता साधारण निम्मी, एकच असेल तर तिच्या निम्मी, दोघंही नसतील तर मूल धार्मिक निघणं विरळाच. म्हणून ते म्हणतात की ब्रिटनमध्ये संस्थात्मक धर्माचं अर्धायुष्य एका पिढीचं आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सगळ्यात वजनदार पुरावा आहे, आणि विद्यार्थी नेमका हाच विसरतात कारण डेव्हीचं वाक्य घोकायला सोपं जातं.

पायरी ५: अमेरिकेचा पेच, इथे वेळ द्या

अमेरिका आधुनिक आहे, श्रीमंत आहे, पंथांची विविधता प्रचंड, तरी विसाव्या शतकभर युरोपपेक्षा कितीतरी जास्त धार्मिक. बर्गर बरोबर असेल तर उलटं व्हायला हवं होतं.

रॉडनी स्टार्क आणि त्याचे सहकारी म्हणाले, गणितच उलटं आहे. धर्माची मागणी सगळीकडे साधारण सारखीच असते, बदलतो तो पुरवठा. एकच सरकारमान्य चर्च असेल तर पाद्री आळशी होतात, पगार चालूच असतो, लोक आले काय न आले काय. खुली स्पर्धा असेल तर प्रत्येक पंथाला माणसं मिळवायला झटावं लागतं, आणि अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संघराज्याला अधिकृत चर्च ठेवण्याची बंदीच घातली. फिंके आणि स्टार्क यांच्या १९९२ च्या हिशेबाने अमेरिकेत कुठल्यातरी चर्चशी जोडलेले लोक १७७६ साली १७ टक्के होते ते १९८० साली ६२ टक्के झाले. म्हणजे आधुनिक होता होता समाज जास्त धार्मिक झाला. शिवाय स्टार्क विचारतो, युरोपात तुम्ही म्हणता तो धार्मिक सुवर्णकाळ होता तरी कधी?

आता उत्तरात नेमकं हे दाखवा की बर्गर आणि स्टार्क यांचं कारण एकच आहे, विविधता, आणि परिणाम मात्र बरोबर विरुद्ध. असं असेल तर मोजून बघता यायला हवं, आणि लोकांनी शेकड्याने मोजून पाहिलंही, जिल्ह्याजिल्ह्याची विविधता आणि हजेरी यांचा संबंध काढला. निकाल कधी अधिक, कधी उणे. का ते २००२ मध्ये व्होआस, ओल्सन आणि क्रॉकेट यांनी दाखवलं, दोन्ही आकडे त्याच सदस्यसंख्येवरून काढलेले असल्यामुळे कारण-परिणाम काहीही नसताना संबंध दिसू शकतो.

हे एकदा स्वतः करून बघा, कळतं. १०० माणसांचं गाव, मोठ्या पंथाचे ६० सदस्य आणि छोट्याचे १०. एकूण सहभाग ७०, विविधता कमी कारण एकच पंथ वरचढ. दुसऱ्या गावात मोठा तेवढाच ६०, छोटा मात्र ३०. सहभाग ९० झाला आणि वाटे जवळ आल्यामुळे विविधताही वाढली, म्हणजे स्टार्क जिंकला. तिसऱ्या गावात छोटा १० च पण मोठा घसरून २०. सहभाग ३० वर आला आणि विविधता पहिल्या गावापेक्षा वाढली, म्हणजे बर्गर जिंकला. स्पर्धेमुळे कोणी चर्चला आलंही नाही आणि विविधतेमुळे कोणी सोडलंही नाही, नुसता कुठल्या पंथाचा आकडा जास्त हलतो त्यावर निकाल फिरला. परीक्षेत एवढं सगळं लिहायचं नाही, दोन ओळी पुरेत, पण समजलेल्याच्या दोन ओळी आणि घोकलेल्याच्या दोन ओळी वेगळ्या दिसतात.

आणखी दोन ठोसे स्टार्कवर. पोलंड आणि आयर्लंड इथे एकाच चर्चची जवळपास मक्तेदारी आणि तरी हजेरी दीर्घकाळ भरपूर, हे त्याच्या सिद्धांतात बसत नाही. स्टीव्ह ब्रूसचं स्पष्टीकरण असं की जिथे धर्म परक्या सत्तेविरुद्ध आपली ओळख टिकवायचं काम करतो तिथे तो जोमात राहतो, याला तो सांस्कृतिक बचाव म्हणतो, आणि ते काम संपलं की घसरण सुरू होते. दुसरं, अमेरिकेचे आकडे. हॅडवे, मार्लर आणि चेव्हस यांनी १९९३ मध्ये प्रत्यक्ष डोकी मोजली तर लोक सर्वेक्षणात सांगतात त्याच्या साधारण निम्मेच चर्चमध्ये सापडले. शिवाय प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांत "कुठलाच धर्म नाही" म्हणणारे अमेरिकन २००७ साली १६ टक्के होते, २०१४ साली २३, २०२३-२४ मध्ये २९, म्हणजे अलीकडे वाढ मंदावलीय पण आकडा जवळपास दुप्पट झालाय. सुवर्णकाळाच्या प्रश्नावर ब्रूसचं उत्तर साधं आहे, मध्ययुग परिपूर्ण धार्मिक होतं असा दावा करायची गरजच नाही, आजपेक्षा जास्त होतं एवढं पुरे.

पायरी ६: तिसरा खाना, आणि १९७९

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षी अमेरिकेत मॉरल मेजॉरिटी ही परंपरावादी ख्रिश्चनांची राजकीय संघटना उभी राहिली, पुढच्या वर्षी पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना, आणि तिच्या पाठीशी कॅथलिक चर्च. धर्म घरात बसायला तयार नव्हता. कॅसानोव्हाने यावरूनच म्हटलं की खाजगीकरणाचा दावा पडतो, ऱ्हास काही ठिकाणी झाला काही ठिकाणी नाही, पण विभेदीकरण हा गाभा टिकतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे इराण हा ऱ्हासाविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिणं. किती लोक मशिदीत जातात याबद्दल क्रांती काही सांगत नाही. आणि अजून बारकाईने बघितलं तर पोलंड आणि इराण एका ओळीत बसवणंही धोक्याचं आहे. पोलंडमध्ये चर्च समाजातून राज्याशी बोलत होतं, राज्य आणि चर्च वेगळेच राहिले, म्हणजे विभेदीकरण शाबूत. इराणमध्ये धर्मगुरूंनी राज्यच हातात घेतलं, म्हणजे धक्का थेट पहिल्या खान्याला, जो कॅसानोव्हा सुरक्षित मानतो त्यालाच. हा मुद्दा एका वाक्यात जरी आला तरी पेपर तपासणारा थांबून वाचतो.

बर्गरच्या माघारीचं काय? १९९९ मध्ये त्याने जाहीर केलं की आपण चुकलो होतो, जग आजही पूर्वीइतकंच जोरदार धार्मिक आहे. पण त्यानेच पश्चिम युरोप आणि पाश्चात्त्य उच्चशिक्षण घेतलेला जगभरचा वर्ग असे दोन अपवाद ठेवले होते. "खुद्द जनकानेच थिसीस सोडला" हा काही युक्तिवाद नाही, ब्रूसने तर ती माघार अनावश्यक होती असं लिहिलं. बर्गरला नवीन कुठला पुरावा दिसला ते लिहा, त्याने मत बदललं हे गौण आहे.

पायरी ७: निष्कर्ष, लिहिलेला

निष्कर्षात बाजू घ्यायची, पण कुठल्या खान्यात कोण जिंकलं ते सांगून. मी साधारण असं लिहीन:

"सेक्युलरायझेशनचा थिसीस एक दावा म्हणून तपासला तर तो खराही ठरत नाही आणि खोटाही, कारण त्याचे तीन भाग वेगवेगळ्या पुराव्यांवर उभे आहेत. विभेदीकरणाचा दावा आधुनिक पाश्चात्त्य समाजांबाबत भक्कम आहे, मात्र इराणसारखे प्रसंग दाखवतात की तो अटळ नाही. ऱ्हासाबाबत पश्चिम युरोपातील पिढीगणिक घसरण डेव्हीच्या मांडणीने स्पष्ट होत नाही, आणि पुरवठ्याच्या सिद्धांताला आधार देणारे सांख्यिकीय संबंध मोजमापातच दोष असल्याने विश्वासार्ह नाहीत. अमेरिकेतील अलीकडील बदल पाहता तिला कायमचा अपवाद मानणेही कठीण झाले आहे. धर्माच्या खाजगीकरणाचा दावा मात्र १९७९ नंतर टिकत नाही. विल्सनची व्याख्या सामाजिक महत्त्वापुरती असल्याने, धर्माचे सार्वजनिक पुनरागमन ही त्याच्या मांडणीसमोरची खरी अडचण आहे, व्यक्तींची टिकून राहिलेली श्रद्धा नव्हे."

शेवटचं वाक्य पायरी १ कडे परत गेलंय बघा, ते मुद्दाम. व्याख्येत "सामाजिक" अधोरेखित केलं होतं त्याची किंमत इथे वसूल होते.

वेळेचं गणित ४० मिनिटांचं धरलं तर पाच मिनिटं कच्चे खाने, पाच व्याख्या आणि कारणं, दहा इंग्लंड आणि डेव्ही, दहा अमेरिका, पाच १९७९, पाच निष्कर्ष. उशीर झालाच तर वेबर आणि बर्गरची माघार सरळ गाळा, डेव्हीचा दुसरा मुद्दाही गेला तरी चालेल, पण व्होआस-क्रॉकेट गाळू नका आणि निष्कर्ष अर्धवट सोडू नका, दोन ओळीत का होईना तिन्ही खान्यांची नावं घेऊन मगच पेन खाली ठेवा.